आठ होलच्या फ्लँजचे कोऑर्डिनेट: सुरुवातीचा कोन आधी ठरवा

पंपाच्या बॉडीवरचा डीएन 100, पीएन 16 फ्लँज होता: पीसीडी 180, 18 मि.मी.चे 8 होल. हिशोबाला बसण्याआधी मी ड्रॉइंगवर पहिल्या होलचा कोन शोधला. पाइप फ्लँजमध्ये होल सेंटर लाइनवर येत नाहीत, तिच्या दोन्ही बाजूंना सारखे बसतात. दोन होलमधला कोन 360 ÷ 8 = 45 अंश, म्हणून पहिला होल त्याच्या निम्म्यावर, 22.5 अंशांवर घेतला.

जॉबचा झीरो फ्लँजच्या मध्यावर धरला की पुढचं काम सोपं आहे. त्रिज्या 90 घ्यायची, 180 नाही. घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते.

```
X = 90 × cos 22.5° = 83.149
Y = 90 × sin 22.5° = 34.442
```

बाकीच्या सात होलसाठी वेगळं गणित लागलं नाही. 67.5 अंशांवर हेच आकडे अदलाबदल होऊन X34.442 Y83.149 येतात, उरलेल्या तीन चतुर्थांशांत फक्त चिन्हं बदलतात. होल 7 असते, तर मात्र प्रत्येक कोन 360 × क्रमांक ÷ 7 असा मुळापासून काढला असता. 51.43 मिळवत गेलं, तर गोलाईची चूक प्रत्येक होलला वाढत जाते.

स्प्रेडशीटमध्ये `=90*COS(22.5)` लिहिलं तर -78.60 येतं, कारण तिथे कोन रेडियनमध्ये धरला जातो. पहिल्या चतुर्थांशात X उणे आला की लगेच ओळखावं. बरोबर सूत्र `=90*COS(RADIANS(22.5))`.

फॅनुक कंट्रोलरवर `G16` चालू असेल तर हे आकडे काढावेच लागत नाहीत. X म्हणजे त्रिज्या आणि Y म्हणजे कोन. मी आधी 1 मि.मी. खोल खुणाच पाडल्या:

```
G90 G54 G17 G16
G99 G81 X90. Y22.5 Z-1. R3. F80
Y67.5
Y112.5
(...Y337.5)
G80
G15
```

शेवटचा `G15` राहिला, तर पुढच्या साध्या X-Y हालचालीतला Y अंश म्हणून वाचला जातो आणि टूल भलतीकडे जातं.

खुणा पडल्यावर शेजारच्या दोन मध्यांमधलं अंतर मोजलं. ते 180 × sin 22.5° = 68.883 यायला हवं. ड्रिल केल्यावर दोन होलच्या कडांमधला भाग 50.88 भरतो. समोरासमोरच्या होलच्या आतल्या कडांमध्ये 162.

पण ही सगळी मापं बरोबर येऊनही फ्लँज चुकलेला असू शकतो. पहिला होल 0 अंशावर घेतला तरी हेच आकडे मिळतात, सगळं वर्तुळ फक्त 22.5 अंश फिरतं. सुटा फ्लँज पाइपला वेल्ड करताना फिरवून घेता येतो. पंपाची बॉडी फिरवता येत नाही. म्हणून वरच्या दोन खुणांवर डायलने Y पाहिला, दोन्हीकडे 83.149 आला, आणि मगच 18 चा ड्रिल लावला.