फी परदेशी पाठवल्यानंतरची पावती: कमिशन, कर आणि दरातले मार्जिन मी कसे वेगळे केले

2025 च्या ऑगस्टमध्ये मुलीच्या अमेरिकेतील विद्यापीठाची 6,500 डॉलर फी मी पुण्यातील आमच्या बँकेमार्फत पाठवली. बँकेची पावती दुसऱ्या दिवशी ईमेलने आली. तिच्यावर डॉलरची रक्कम, 88.95 हा दर, 5,78,175 रुपये ही मूळ रक्कम, 1,000 रुपये कमिशन, 500 रुपये स्विफ्ट शुल्क, केंद्रीय आणि राज्य जीएसटी प्रत्येकी 440.18 रुपये आणि खात्यातून वजा झालेले एकूण 5,80,555.36 रुपये, एवढे आकडे होते. बेरीज बरोबर होती. तरीही बँकेने आपल्याकडून नेमके किती घेतले, याचे उत्तर त्या बेरजेत नव्हते, कारण सर्वांत मोठी रक्कम, म्हणजे बाजारभावावर बँकेने चढवलेले मार्जिन, दराच्या आत दडलेली असते आणि तिच्यासाठी पावतीवर वेगळी ओळ नसते.

मी आधी कर तपासायला घेतला, कारण तो नियमाने ठरतो आणि त्याचे गणित घरी बसून करता येते. जीएसटीच्या दोन्ही ओळी मिळून 880.36 रुपये होत होते. 18 टक्क्यांच्या हिशेबाने उलटे गेल्यास करपात्र मूल्य सुमारे 4,890.89 रुपये येते. त्यातून कमिशन आणि स्विफ्ट शुल्काचे 1,500 रुपये वजा केले की 3,390.89 रुपये उरतात. पावतीवर कुठेही न छापलेली ही रक्कम म्हणजे चलन बदलून देण्याच्या सेवेचे कायद्याने मानलेले मूल्य असते, आणि ते केंद्रीय जीएसटी नियमावली 2017 मधील नियम 32 नुसार काढले जाते.

या नियमात दोन पद्धती आहेत. पहिलीत ग्राहकाला लावलेला दर आणि त्या वेळचा रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतील फरकाला चलनाच्या संख्येने गुणतात. दुसरीत प्रत्यक्ष फरक पाहिलाच जात नाही, फक्त रुपयांतील रकमेवर टप्पे लावले जातात: 1 लाखापर्यंत 1 टक्का, पण किमान 250 रुपये, 1 लाख ते 10 लाखांपर्यंत 1,000 रुपये अधिक 1 लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का, आणि 10 लाखांपुढे 5,500 रुपये अधिक वरच्या रकमेच्या 0.1 टक्का, कमाल 60,000 रुपये. माझ्या 5,78,175 रुपयांना ही दुसरी पद्धत लावली, तर 1,000 अधिक 4,78,175 चा अर्धा टक्का, म्हणजे 3,390.88 रुपये येतात. उलट्या गणितातून निघालेल्या आकड्याशी ते एका पैशाच्या फरकाने जुळले आणि तो पैसा पूर्णांकनाचा होता. म्हणजे कर बरोबर होता आणि बँकेने टप्प्यांची पद्धत निवडली होती, हेही कळले. या पद्धतीची निवड बँक संपूर्ण आर्थिक वर्षासाठी करते, त्यामुळे एकाच वर्षातील दोन पावत्यांवर दोन पद्धती दिसल्या तर विचारणा करण्यास जागा आहे.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टप्प्यांच्या पद्धतीत कराचा आकडा बँकेच्या मार्जिनविषयी काहीही सांगत नाही. दर वाजवी असो वा चढा, जीएसटी जवळजवळ तेवढाच राहतो. कर अचूक आहे म्हणून आकारणीही वाजवी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि माझ्या ओळखीतील अनेक पालक नेमके इथेच थांबतात.

टीसीएस म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो आयकर. त्याची ओळ पावतीवर नव्हती आणि ती नसणेच योग्य होते. 2025-26 या आर्थिक वर्षात एलआरएस या व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका पॅनवर पाठवलेली एकूण रक्कम 10 लाखांपर्यंत असेल तर टीसीएस लागत नव्हता, आणि स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवताना त्यापुढच्या रकमेवर तो 5 टक्के होता. इतर बहुतेक कारणांसाठी तोच 20 टक्के होता. म्हणून पावतीवरील उद्देश संकेत पाहणे आवश्यक असते. माझ्या पावतीवर S0305 हा शिक्षणासाठीचा संकेत होता. त्याऐवजी कुटुंबाच्या निर्वाहाचा संकेत पडला असता, तर त्या व्यवहारात फरक दिसला नसता, पण वर्षाची एकूण रक्कम 10 लाखांपुढे गेल्यावर चौपट कापणी झाली असती. टीसीएस हा खर्च नाही, तो फॉर्म 26एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना जमा मिळतो. तरीही तेवढे पैसे मधल्या काळात अडकून राहतात.

आता दर. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर दिसणारा डॉलरचा संदर्भ दर 2018 च्या जुलैपासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते. कामकाजाच्या दिवशी सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या वेळेत बँकांमध्ये प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून तो निश्चित होतो आणि दीडच्या सुमारास जाहीर होतो. माझ्या व्यवहाराच्या दिवशी तो 87.52 होता. 88.95 मधून तो वजा केल्यास डॉलरमागे 1.43 रुपये उरतात आणि 6,500 डॉलरचे 9,295 रुपये होतात. कमिशन, स्विफ्ट शुल्क आणि जीएसटी या छापील आकारांची एकूण बेरीज 2,380.36 रुपये होती. न छापलेली आकारणी तिच्या जवळजवळ चौपट निघाली.

मात्र 9,295 हा आकडा अंदाज आहे, आणि तो अंदाज म्हणूनच वापरला पाहिजे. संदर्भ दर त्या तासातल्या अनेक सौद्यांवरून निघतो, तर आपला दर एका विशिष्ट क्षणी बांधला जातो. बाजार त्या क्षणी 10 पैसे वर असेल, तर 6,500 डॉलरवर 650 रुपयांचा फरक पडतो. म्हणून मी पावतीवर व्यवहाराची वेळ शोधली. ती दुपारी 12 वाजून 5 मिनिटांची होती, म्हणजे संदर्भ दराच्या त्याच तासातली, आणि त्यामुळे माझा अंदाज फार चुकलेला नसावा असे म्हणता येत होते. व्यवहार संध्याकाळी पाचला झाला असता आणि दुपारनंतर रुपया घसरला असता, तर याच वजाबाकीतून बँकेवर विनाकारण आरोप झाला असता.

त्यानंतर मी बँकेचे त्या दिवशीच्या कार्ड रेटचे, म्हणजे सर्व ग्राहकांसाठी जाहीर केलेल्या दरांचे, पत्रक उघडले. त्यात एकाच चलनाला अनेक रकाने असतात: परदेशी पाठवणीसाठी टीटी विक्री, आत येणाऱ्या पैशासाठी टीटी खरेदी, रोख नोटांची विक्री आणि खरेदी, आणि प्रवासी कार्डाचा वेगळा दर. रोख नोटा मागवणे, सांभाळणे आणि त्यांचा विमा उतरवणे यांचा खर्च असल्यामुळे नोटांचा दर ग्राहकाला महाग पडतो. पाठवणीला चुकून नोटांचा रकाना लागलेला नाही ना, हे मला पाहायचे होते. तसे झाले नव्हते. टीटी विक्रीच्या रकान्यात 88.95 च होते.

परंतु हाच आक्षेपाचा मुद्दा ठरला. पैसे पाठवण्यापूर्वी शाखेतील परकीय चलन विभागाच्या अधिकाऱ्यांना मी दराविषयी लिहिले होते, आणि रक्कम पाच लाखांच्या वर असल्याने कार्ड रेट न लावता आंतरबँक दरावर 60 पैसे मार्जिन घेऊन सौदा करू, असे त्यांनी ईमेलने कळवले होते. तोंडी आश्वासन असते, तर पुढचे काही शक्य झाले नसते. मी उत्तर लिहिताना तक्रारीची भाषा टाळली आणि दोनच गोष्टी मागितल्या: 12 वाजून 5 मिनिटांनी बँकेचे चलनाचे सौदे करणाऱ्या ट्रेझरी विभागाने शाखेला दिलेला मूळ दर, आणि त्यावर लावलेले मार्जिन पैशांमध्ये. “दर जास्त का आहे?” असे विचारले की “बाजार तसा होता” असे उत्तर येते, मूळ दर मागितला की उत्तर आकड्यात द्यावे लागते.

ट्रेझरीचा दर 87.58 होता असे उत्तर आले. माझ्या संदर्भ दरापेक्षा तो 6 पैशांनी जास्त होता, म्हणजे माझ्या अंदाजात 390 रुपयांची चूक होती. ठरल्याप्रमाणे मला 88.18 दर मिळायला हवा होता. मार्जिन 60 पैशांऐवजी 1.37 रुपये घेतले गेले होते, कारण सौद्याची नोंद प्रणालीत वेळेत झाली नाही आणि कार्ड रेट आपोआप लागला. डॉलरमागे 77 पैशांप्रमाणे 5,005 रुपये जादा गेले होते. अधिकाऱ्यांनी चूक मान्य केली आणि रक्कम परत करण्याची प्रक्रिया सुरू केली.

परताव्याचा आकडा मी स्वतः आधीच काढून ठेवला होता, कारण दर बदलला की करही बदलतो. 88.18 ने मूळ रक्कम 5,73,170 रुपये होते, टप्प्यांनुसार करपात्र मूल्य 3,365.85 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 605.85 रुपये. कमिशन आणि स्विफ्ट शुल्कावरचे 270 रुपये वगळता आधी तो 610.36 होता. म्हणजे मार्जिन 5,005 रुपयांनी उतरले, तेव्हा कर अवघ्या 4.51 रुपयांनी उतरला. क्रेडिट नोटसह खात्यात 5,009.51 रुपये जमा झाले आणि सुधारित पावती आली. या व्यवहाराचा सगळा खर्च, म्हणजे मार्जिन, शुल्क आणि कर मिळून, 11,285.36 वरून 6,275.85 रुपयांवर आला; ट्रेझरीच्या दराने होणाऱ्या रकमेशी तुलना केल्यास सुमारे 2 टक्क्यांवरून 1.1 टक्क्यांवर.

हीच रीत उलट दिशेच्या व्यवहारालाही लागू पडते. मुलीला सोडून आल्यावर उरलेल्या 400 डॉलरच्या नोटा मी एका परवानाधारक चलन विनिमय केंद्रात विकल्या. पावतीवर कमिशनच्या जागी शून्य होते. दर 84.60 होता आणि त्या दिवशीचा संदर्भ दर 87.90, म्हणून डॉलरमागे 3.30 रुपये, एकूण 1,320 रुपये, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास. 33,840 रुपयांच्या 1 टक्क्यावर 18 टक्के म्हणजे 60.91 रुपये जीएसटी. विक्रीत तो मिळणाऱ्या रकमेतून वजा होतो आणि हातात 33,779.09 रुपये येतात. नोटांच्या व्यवहारात एवढे मार्जिन पडू शकते हे मला ठाऊक होते आणि रक्कम लहान असल्याने मी ते स्वीकारले, पण शून्य कमिशन पाहून हा व्यवहार बँकेच्या पाठवणीपेक्षा स्वस्त आहे असे कोणी समजू नये.

दुसऱ्या सत्राच्या फीच्या वेळी मी डेबिटची संमती देण्यापूर्वीच ईमेलने ट्रेझरीचा दर, मार्जिन पैशांमध्ये आणि सौदा बांधल्याची वेळ मागून घेतली. पावती आली तेव्हा तीन आकडे जुळवायला काही मिनिटे पुरली, आणि या वेळी दर ठरल्याप्रमाणेच लागला होता.