अँब्युलन्स किती मिनिटात पोचेल? सगळा हिशोब चौकात अडतो (माझा अनुभव)

आमच्या ट्रस्टची एक अँब्युलन्स आहे, स्वारगेटच्या जवळ उभी असते. फोन घेणाऱ्या मुलांना एक तक्ता हवा होता, कुठल्या भागात किती मिनिटात गाडी पोचेल याचा, म्हणजे घाबरलेल्या नातेवाईकाला "निघालीये, येतेच आहे" एवढंच न सांगता खरा आकडा सांगता येईल. हे काम मी अंगावर घेतलं.

नकाशा, रस्ते, अंतरं हे सगळं पटकन झालं. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फुकट मिळतो आणि त्यावर OSRM हे वाट आणि वेळ काढणारं सॉफ्टवेअर चालवलं की कुठूनही कुठेही वेळ निघतो. पण तो वेळ मोकळ्या रस्त्यावरच्या कारचा. त्याच्या `car.lua` फाईलमध्ये `traffic_light_penalty` किती धरलाय बघा, २ सेकंद! संध्याकाळी सातला सातारा रोडवर सिग्नलला २ सेकंद? गूगल मॅप्सचा वेळही तसाच्या तसा घेऊ नका, तो साध्या गाडीचा असतो, गर्दीत सायरनवाली गाडी त्याच्या आधी पोचते, रात्री मात्र दोन्ही जवळपास सारखेच.

मग ठरवलं की आपल्याच गाडीच्या जीपीएसवरून मोजू. आणि इथेच घोडं अडलं.

जीपीएसवाल्या कंपनीने जो डेटा दिला त्यात गाडीची जागा दर ३० सेकंदांनी नोंदलेली. ताशी ४० ने गाडी ३० सेकंदात ३३० मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एक ठिपका चौकाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, आणि मधे गाडी रांगेत २० सेकंद अडकली की फक्त जरा हळू आली हे कळायला मार्गच नाही. नोंद ५ सेकंदांवर आणून द्या म्हटलं तर आधी ईमेल करा, मग लेटरहेडवर अर्ज करा, मग "सिस्टीममध्ये होत नाही", मग तिसऱ्याच माणसाचा फोन की "प्लॅन बदलावा लागेल". यात इतका वेळ गेला की अजून राग येतो, कारण शेवटी त्यांच्या माणसाने बसल्या जागी एक सेटिंग बदललं, बस्स. मधल्या काळात ड्रायव्हरच्या रजिस्टरवरून काढायचा प्रयत्न केला, पण तिथे सगळ्या वेळा ०० नाहीतर ०५ ने संपणाऱ्या, सहा-सात मिनिटांच्या फेरीला त्याचा काय उपयोग!

५ सेकंदांच्या नोंदी आल्यावर मात्र चौक दिसायला लागले. पद्धत सोपी आहे: स्टॉप लाईनच्या आधी १०० मीटर आणि पुढे ५० मीटर, एवढा तुकडा धरायचा. ताशी ४० ने हे १५० मीटर साडेतेरा सेकंदात जातात. लॉगमध्ये ४० सेकंद लागले असतील तर त्या चौकाने साडेसव्वीस सेकंद खाल्ले.

यातून जे कळलं ते महत्त्वाचं. अँब्युलन्सला सिग्नल अडवत नाही, सिग्नलला उभी असलेली रांग अडवते. समोर लाल असला आणि रांग नसली तर ड्रायव्हर वेग कमी करून, दोन्हीकडे बघून निघतो, पाच-दहा सेकंद जातात. पण पुढे बस, तिच्या शेजारी टेंपो आणि मधल्या फटीत टू-व्हीलर असल्या की बाजूला व्हायची इच्छा असूनही कुणाला जागाच नसते, आणि डिव्हायडर असला की उलट्या बाजूने काढायचा पर्यायही जातो. म्हणून सगळ्या चौकांना एकच आकडा लावू नका. प्रत्येक चौकाला आपला वेगळा, आणि गर्दीच्या वेळेचा वेगळा.

उदाहरण म्हणून कात्रजच्या दिशेचा ५ किलोमीटरचा कॉल घ्या. ताशी ४० ने साडेसात मिनिटं. वाटेत सहा चौक धरा: दोन साधे, प्रत्येकी १० सेकंद, तीन मध्यम, प्रत्येकी २५, आणि एक वाईट, ७० सेकंद. बेरीज १६५ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटं. फोन ठेवल्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंत दीड मिनिट. एकूण पावणेबारा. फोनवर आम्ही "१२ ते १५" सांगतो. वरची १५ प्रत्येक चौकाचा सगळ्यात वाईट आकडा जोडून काढलेली नाही, कारण सहाही चौक एकाच फेरीत बिघडत नाहीत, तसं केलं तर उगाच फुगलेला वेळ येतो. अख्ख्या फेऱ्यांचा वेळ बघायचा आणि दहातल्या नऊ ज्याच्या आत पोचतात तो आकडा घ्यायचा.

हो, फक्त पेशंटकडे जातानाच्याच फेऱ्या धरा. पेशंट आत असला की ड्रायव्हर खड्डे आणि वळणं सांभाळून चालवतो, तो वेग वेगळा. आणि एक किलोमीटरच्या आतल्या कॉलला ताशी ४० लावूच नका, गाडी वेग घेईपर्यंत पत्ता येतो.

अजून एक, जीपीएसच्या फाईलमधली वेळ भारतातली आहे की यूटीसी ते आधी तपासा. आमच्याकडे साडेसहाची गर्दी दुपारी एकच्या रकान्यात दिसत होती, साडेपाच तास मिळवल्यावर ती जागेवर आली.