तीन ओळींची चिठ्ठी

"अहो बाई, डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी कसली घेऊन जाता? किराणा आणायचाय का?"

हसा. सासूबाई कागद घेऊन दवाखान्यात निघायच्या तेव्हा मीही हसले होते.

तेहतीस वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गात न अडखळता बोलले, पण डॉक्टरांच्या टेबलासमोर बसले की जीभ टाळ्याला चिकटते. बाहेर वीस जण ताटकळत बसलेले दिसतात आणि आपलं दुखणं उगाच लांबवू नये असं वाटतं.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. कोरडा खोकला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" म्हटलं, "आठ-दहा दिवस." "दुसरी काही औषधं चालू?" "नाही." सिरप घेऊन आले. जिन्यातच हे म्हणाले, "आठ दिवस? अगं, दिवाळी झाल्यापासून खोकतेयस." पण परत आत जायची लाज वाटली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, या वेळी अँटिबायोटिक आणि एक्स-रे. एक्स-रे स्वच्छ. खोकला तसाच. रात्री आडवं झालं की घशात कुणी मोरपीस फिरवल्यासारखं व्हायचं, मग उठून बसायचं. पुण्यात खोकल्याला निमित्तं काय कमी? धूळ, थंडी, रस्त्यांची खोदाई. मीही तेच म्हणत राहिले.

तिसऱ्या खेपेला ह्यांनी वीजबिलाच्या पाठीवर लिहायला लावलं. दिवाळीनंतर सुरू. कफ नाही, ताप नाही, आडवं झाल्यावर जास्त. आणि खाली, पाकिटावरून बघून, रोजच्या गोळ्यांची नावं: कॅल्शियम, रॅमिप्रिल.

डॉक्टरांनी बोट ठेवलं ते या शेवटच्या ओळीवर. "ही रॅमिप्रिल कधी सुरू केली?" दिवाळीच्या आसपास, बीपीसाठी, दुसऱ्या डॉक्टरांनी. या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी. त्यांनी ती बदलून टेल्मिसार्टन दिली. तिसऱ्या आठवड्यात खोकला थांबला. (गोळी त्यांनी बदलली, मी नाही. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.)

मग "नाही" का म्हणाले होते? खोटं बोलले नव्हते. औषध म्हणजे दुखतं तेव्हा घ्यायचं ते. सकाळच्या चहाबरोबरची गोळी माझ्या लेखी औषध नव्हतीच. ती मला डॉक्टरांसमोर आयुष्यात आठवली नसती.

तरी चिठ्ठीने सगळं निभतं असं नाही. एकदा हौसेने दीड पान लिहून नेलं, डॉक्टरांनी वरच्या दोन ओळी वाचून कागद परत दिला. एकदा त्रास लिहायच्या जागी "ॲसिडिटी" असं निदानच लिहिलं आणि पुढची सगळी चर्चा ॲसिडिटीवरच झाली. आता तीनच ओळी, गोळ्या धरून. गेल्या महिन्यात तीही चिठ्ठी पर्समध्येच राहिली आणि रिक्षात बसल्यावर हाताला लागली.