टीएलईचं पत्र: पहिला मसुदा फाडला, दुसरा पाठवला, काल उत्तर आलं

मागच्या नोंदीत मी तावातावाने लिहिलं होतं की पॅलिन्ड्रोमवाल्या प्रश्नात माझा O(n²) कोड सातव्या टेस्टवर टीएलई, म्हणजे वेळमर्यादा ओलांडल्याचा शिक्का, मारून उडवला आणि स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहिणार आहे. पत्र लिहिलं. पण ज्या मुद्द्यावर लिहायला बसलो होतो, तो मुद्दा पत्रात राहिलाच नाही.

प्रश्न तुम्हाला ओळखीचा आहे. स्ट्रिंगमध्ये कमीत कमी किती अक्षरं घातली की ती पॅलिन्ड्रोम होईल? २००० साली बीजिंगच्या आयओआयमध्ये आलेला हाच, तिथेही लांबी ५००० पर्यंत. सर्वात लांब पॅलिन्ड्रोमिक सबसिक्वेन्स काढायची आणि n मधून वजा करायची. आपल्या स्पर्धेत फरक एवढाच की एका फाइलमध्ये T स्ट्रिंगा, T ≤ १०, आणि वेळ १ सेकंद.

पहिल्या मसुद्यातलं माझं गणित असं: ५००० चा वर्ग अडीच कोटी, डीपीचा अर्धाच त्रिकोण भरायचा म्हणजे सव्वा कोटी, दहा स्ट्रिंगांचे साडेबारा कोटी. 'सेकंदाला दहा कोटी' हा आपला सगळ्यांचा पाठ केलेला हिशोब. थोडं वर जातंय, पण आत नुसती एक तुलना आणि एक `max`. हे टीएलई कसं? "आपल्या सर्व्हरची गती तपासावी" असं एक आगाऊ वाक्यही लिहिलं होतं. पाठवण्याआधी रूममेटने वाचलं आणि एवढंच म्हणाला, "घरी किती वेळ घेतोय ते तरी लिही." ते मी मोजलंच नव्हतं.

मोजलं. `-O2` लावून, ५००० लांबीच्या दहा रँडम स्ट्रिंगा: १.९ सेकंद. माझ्याच लॅपटॉपवर.

पहिला संशय `memset` वर. `dp[5005][5005]` इंटचा, म्हणजे शंभर एमबी, आणि मी तो प्रत्येक टेस्टला पुसत होतो. दहा टेस्टला एक जीबी नुसतं शून्य लिहिण्यात. शिवाय त्याची गरजच नव्हती: लांबी २ ला `dp[i+1][i]` लागतं, त्या घरात कोणी कधी लिहीतच नाही, ग्लोबल ॲरे असल्याने तिथे शून्यच असतं. काढून टाकलं, १.६ वर आलं. चहा प्यायलो. पण १.६ म्हणजे अजूनही टीएलईच.

मग दोन संध्याकाळी खाल्लेला भाग. हा लूप बघा, `dp[i][i] = 1` त्याआधीच भरलेलं आहे:

```
for (int len = 2; len <= n; len++)
  for (int i = 0; i + len <= n; i++) {
    int j = i + len - 1;
    dp[i][j] = s[i] == s[j] ? dp[i+1][j-1] + 2
             : max(dp[i+1][j], dp[i][j-1]);
  }
```

क्लासमध्ये इंटरव्हल डीपी असाच शिकवतात: आधी लहान लांब्या, मग मोठ्या. बरोबर आहे, उत्तरंही बरोबर येतात. संशय आला तो वेगळ्याच आकड्यावरून. एकच स्ट्रिंग घेऊन n = १००० ला २.५ मिलिसेकंद लागले. n पाचपट केला तर वेळ पंचवीसपट, म्हणजे ६२ च्या आसपास यायला हवा. आला १६०. चौसष्टपट! लूप वर्गातच आहेत, घड्याळ मात्र वर्गात नाही. आत फुकट `strlen` किंवा व्हॅल्यूने पास केलेला व्हेक्टर असता तर वेळ घनाच्या चालीने, सव्वाशेपट वाढला असता. हे तेही नव्हतं. मधलंच काहीतरी.

कारण मेमरीत आहे. वरचा लूप कर्णावरून चालतो. एका घरातून पुढच्या घरात जाताना एक रांग खाली उडी, म्हणजे वीस हजार बाइट्स. एका कर्णावर पाच हजार घरं, प्रत्येक घर वेगळ्या कॅश लाइनमध्ये. ६४ बाइट्सची एक लाइन धरली तर ३२० केबी नुसत्या एका फेरीला, आणि एल-वन कॅश साधारण ३२ केबीची. त्याहून वाईट म्हणजे पान ४ केबीचं असतं, त्यामुळे प्रत्येक घर वेगळ्या पानावर. कुठलं पान मेमरीत कुठे आहे हे लक्षात ठेवणाऱ्या टीएलबीत हजार-दीड हजार नोंदी मावतात. n = १००० ला मावत होतं. ५००० ला जवळपास प्रत्येक पावलाला पत्ता नव्याने शोधायचा. माझ्या डब्ल्यूएसएलवर `perf` चे हार्डवेअर काउंटर दिसतच नाहीत (ते बसवण्यात एक तास घालवला, घालवू नका), म्हणून मित्राच्या उबुंटूवर `dTLB-load-misses` बघितलं. n ५००० केल्यावर आकडा पार छपराला गेला होता.

उपाय लाज वाटावी इतका छोटा. बाहेर `i` उलटा, आत `j` सुलटा:

```
for (int i = n - 1; i >= 0; i--) {
  dp[i][i] = 1;
  for (int j = i + 1; j < n; j++)
    // आतली ओळ तीच
}
```

आता एका वेळी दोनच रांगा हाताळल्या जातात, चाळीस केबी, त्याही सरळ ओळीत. एका स्ट्रिंगला २३ मिलिसेकंद, दहांना पाव सेकंदाच्या आत. तेवढीच पुनरावर्तनं, तेवढ्याच तुलना. 'सेकंदाला दहा कोटी' यापुढे मी तरी डोळे झाकून वापरणार नाही.

त्यानंतर पत्रात उरलं ते असं:

"सप्रेम नमस्कार. माझ्या कोडला मिळालेला टीएलई योग्य आहे, मी स्वतः मोजून खात्री केली आहे. निकाल बदलण्याची विनंती नाही. दोन शंका आहेत. १ सेकंद ही मर्यादा एका स्ट्रिंगला की पूर्ण फाइलला, हे प्रश्नात लिहिलेलं नव्हतं, आणि n च्या बेरजेवरही बंधन नव्हतं. दुसरं, मर्यादा ठरवताना कर्णाच्या क्रमाने लिहिलेला कोड चालवून पाहिला होता का? अल्गोरिदम तोच असताना केवळ लूपच्या क्रमावर निकाल फिरावा, हे अभिप्रेत होतं का?"

काल रात्री उत्तर आलं. सभ्य होतं, हे आधी सांगतो. व्हर्डिक्ट कायम. मर्यादा पूर्ण फाइलला होती आणि ते लिहायचं राहिलं, हे मान्य. त्यांचे तपासायचे तिन्ही कोड रांगेच्या क्रमाचे होते. कर्णाचा कोणी लिहिलाच नव्हता, त्यामुळे तो उडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सराव विभागात मर्यादा ३ सेकंद करणार आहेत. माझ्या मते १ सेकंदात n³ उडवायचा उद्देश असेल तर ३ सेकंदातही तो उडतोच, मग आधीच ३ ठेवायला काय हरकत होती? असो. माझा क्रमांक गेला तो गेला.

नोंद इथेच संपवणार होतो, पण वरचा कोड चिकटवताना एक सुचलं. कर्णाने चालणं मुळात वाईट नाही, साठवण वाईट आहे. `dp[i][j]` ऐवजी `d[len][i]` ठेवलं तर तोच कर्ण सरळ रांग होतो:

```
cur[i] = s[i] == s[i+len-1] ? p2[i+1] + 2
       : max(p1[i], p1[i+1]);
```

तीन छोटे ॲरे, बस्स. आणि मजा म्हणजे इथे `cur[i]` ला `cur[i-1]` लागतच नाही. रांगेच्या क्रमात प्रत्येक घर डावीकडच्या घरासाठी थांबतं, इथे कोणी कोणासाठी थांबत नाही, म्हणजे कंपायलर एकदम आठ घरं भरू शकतो. उत्तर ५००० च्या वर जात नाही, तेव्हा `short` वापरला तर सोळा. ज्या क्रमाने माझा टीएलई आला तोच सगळ्यात वेगवान ठरतोय की काय! `-O3 -mavx2` लावून आज रात्री मोजतो. सेगमेंट ट्रीची नोंद पुढच्या आठवड्यावर.