आमची वाटचाल : निम्म्या दराच्या शेजारी

आमचं शेतघर सुरू झालं तेव्हा आम्ही दोघं भागीदार होतो. जागा आणि गोठा माझा, ओळखीपाळखी त्याच्या. पाहुणे येऊ लागले, दोन हंगाम बरे गेले आणि एक दिवस तो वेगळा झाला. वेगळं व्हायला माझी हरकत नव्हती. पण जाताना तो पाहुण्यांच्या फोन नंबरांची वही घेऊन गेला आणि शेजारच्या शेतात आमच्याच अंगणाचे फोटो लावून निम्म्या दरात धंदा सुरू केला. हे मी आजही विसरलेलो नाही.

निम्मा दर त्याला कसा परवडतो, हे लोक मला विचारायचे. म्हणून हिशेब सांगतो. पाहुण्यांसाठी दार उघडलं की स्वयंपाकी, मदतनीस, शेत दाखवणारा माणूस आणि सफाई हा खर्च ठरलेलाच असतो, मग पाच जण येवोत की पंचवीस. तो १०० धरा. माणशी जेवण, पाणी, साबण यांचे ४ धरा. दहा जण आले तर माणशी १४ पडतात, पंचवीस आले तर ८ आणि पाचच आले तर २४. आमचा दर १६ होता, कारण आमच्याकडे साधारण दहा-बाराच माणसं येतात. त्यानं ८ लावला. म्हणजे पंचवीस जण भरले तरी हाती काही उरणार नाही. मग तो एका दिवसात पन्नास-साठ जण घ्यायला लागला आणि शिवाय जिथे दिसणार नाही तिथे खर्च छाटला.

तो हंगाम आमचा जवळजवळ रिकामा गेला. मदतनीस सोडून गेले. गाद्या विकायची वेळ आली होती, गिऱ्हाईकही बघून गेलं होतं.

तेव्हा टिकल्या त्या फक्त एका शाळेच्या बाई. दरवर्षी मुलांना घेऊन यायच्या. शेजारचा दर ऐकून त्या आधी तिकडे जाऊन बघून आल्या आणि मग आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "भाऊ, तिकडे विहिरीला कठडा आहे, पण जाळी नाही. मुलं कठड्यावर चढतात." आमच्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे, बिजागरीची, कुलूप असलेली. किल्ली माझ्या कमरेला असते, भिंतीवरच्या खिळ्याला नाही. नुसत्या कठड्यानं मूल थांबत नाही, उलट त्याला उभं राहायला जागा मिळते.

बाईंनी स्वयंपाकघरातली माझी सुईवाली तापमापीही पाहिली होती. ती मला फार प्रिय आहे. गरम जेवण वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. सुई पातेल्याच्या मधोमध खुपसायची, कडेला नाही, कारण कड चुलीमुळे जास्त तापलेली असते. दुपारचं उरलेलं खोल पातेल्यात झाकून ठेवलं तर मध्यभाग तासन् तास कोमट राहतो आणि जंतू वाढतात ते तिथेच. पसरट ताटांत पातळ थर करून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. शेजारी रात्री काय वाढलं जायचं, ते मी बोलत नाही.

गोठ्यात जाऊन आलेल्या मुलांचे हात साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवून घ्या. बाटलीतला जेल पुरत नाही. जनावरांच्या शेणातून येणारे काही परजीवी अल्कोहोलनं मरत नाहीत. नुकतीच व्यालेली गाय असेल तर त्या बाजूला पाहुण्यांना सोडूच नका, एरवी ती कितीही गरीब असो.

पुढची वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेजाऱ्याकडे पाहुणे दुसऱ्यांदा फिरकेनात आणि त्यानं बंद केलं. माझी वही मात्र परत आली नाही.

नव्यानं हा धंदा करणाऱ्यांना एक सांगतो, मुक्कामाचा दर जेवणाच्या दरासारखा लावू नका. पाहुणा एक रात्र राहो की तीन, चादर आणि अभ्रा एकदाच धुवायला जातात, खोली एकदाच झाडावी लागते. म्हणून आम्ही पहिल्या रात्रीचा दर जास्त आणि पुढच्या रात्रींचा कमी ठेवतो. प्रत्येक गादीमागे चादरींचे तीन संच हवेत, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चार, कारण चादर वरून कोरडी लागली तरी शिवणीत ओल राहते. घडी घालण्याआधी शिवण गालाला लावून बघा. गार लागली तर ती चादर परत दोरीवर जाते.

दिवसाच्या सहलीला आम्ही दहा जणांचे पैसे किमान घेतो, मग सात आले तरी. हे बुकिंगच्या वेळीच सांगतो आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतो. बाईंकडून आगाऊ घेत नाही.