तोंडी परीक्षेचा सारांश: तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, व्हायव्हाचं रेकॉर्डिंग ऐकून तुम्ही अर्ध्या पानात सारांश काढता. सगळं आधी उतरवून घेता का? आणि उत्तर चांगलं की वाईट, हे नुसतं ऐकून कसं ठरवता?”

सगळं उतरवून घेत नाही. वीस मिनिटांचं बोलणं शब्दशः उतरवलं तर आठ-दहा पानं होतात, आणि ती वाचायला बसलं की आवाजातलं निम्मं हातातून निसटतं. मुलगा कुठे थांबला, परीक्षकाने कुठे मधेच तोंड घातलं, हे कागदावर येत नाही. मी आधी एकदा पेन बाजूला ठेवून सलग ऐकते. दुसऱ्या फेरीत फक्त प्रश्न लिहिते, समोर मिनिट-सेकंद. उत्तरं तिसऱ्या फेरीत, आणि तीही दोन रकान्यांत: परीक्षकाने हिंट देण्याआधी मुलगा काय बोलला, आणि हिंटनंतर काय बोलला. माझ्या पद्धतीत वेगळं काही असेल तर हे दोन रकानेच. बाकी सगळं कुणीही करतं.

एक प्रकरण सांगते, म्हणजे नुसतं बोलणं होणार नाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्याने प्रोजेक्ट केला होता. ग्रे आयर्नची चौरस प्लेट, 200 बाय 200, जाडी 20 मिलिमीटर, आणि तिच्यावर बसवायचा रायझर. ज्यांचा फौंड्रीशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच की ओतलेला धातू गोठताना आक्रसतो, आणि ती तूट भरून काढायला साच्यात वर धातूचा जो साठा ठेवतात तो रायझर. तो कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, नाहीतर पोकळी कास्टिंगमध्येच पडते. बाहेरचे परीक्षक उद्योगातले होते, माणूस जाणकार, पण घाईतला.

चौथ्या मिनिटाला त्यांनी विचारलं, “रायझरची साईज कशी काढलीस, आणि तो वर का ठेवलास?” मुलगा म्हणाला, “वर ठेवला की रस आपोआप खाली येतो, सर.” साईजबद्दल अवाक्षर नाही. इथे पुष्कळजण लिहितात: उत्तर अपुरं. मी लिहीत नाही. एका दमात दोन प्रश्न विचारले की माणूस शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो, पहिला हवेत राहतो. म्हणून प्रश्नांच्या यादीत मी असा जोडप्रश्न फोडून दोन ओळी करते आणि पहिल्यापुढे ‘पुन्हा विचारला का?’ एवढंच लिहून ठेवते. या वेळी विचारला होता.

मग मुलाने मॉड्युलस सांगितला, म्हणजे घनफळ भागिले ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाते तो. प्लेटचा 8.33 मिलिमीटर. मॉड्युलस जितका जास्त तितकं गोठायला उशीर, म्हणून रायझरचा त्याच्या 1.2 पट हवा, म्हणजे 10. उंची आणि व्यास सारखे असलेल्या सिलिंडरचा मॉड्युलस व्यास भागिले सहा, म्हणून व्यास 60. सगळे आकडे घडाघडा, हिशेबही बरोबर. परीक्षकांनी विचारलं, “सहा कुठून आले?” मुलगा गप्प.

ही शांतता मी घड्याळ लावून मोजते. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब आणि विचार करून दिलेली येऊ लागली. आपल्याकडे बाहेरचे परीक्षक आले की तो एक सेकंदही मुश्कील. तेव्हा ‘उत्तर देता आलं नाही’ लिहायच्या आधी वेळ किती दिला ते बघा. या ठिकाणी चांगले पाच-सहा सेकंद गेले होते, त्यामुळे पहिल्या रकान्यात मी निःसंकोच लिहिलं: सूत्र पाठ आहे, कुठून आलं ते सांगता आलं नाही.

पुढे परीक्षक म्हणाले, “रायझरचा तळ कास्टिंगला चिकटलेला आहे ना? तिथून उष्णता बाहेर जाते का?”

ही हिंट. बऱ्यापैकी उघडी हिंट, कारण असा प्रश्न आला की उत्तर ‘नाही’ हे शेंबड्या पोरालाही कळतं. मुलगा “नाही सर” म्हणाला असता आणि तेवढ्यावर थांबला असता, तर दुसरा रकाना मी कोराच ठेवला असता. ते श्रेय प्रश्नाचं आहे. पण तो थांबला नाही. “मग ते क्षेत्रफळ धरायचं नाही. डी बाय फाइव्ह येईल. व्यास पन्नास.” हे त्याचं स्वतःचं. तरीही एका उदाहरणावर मी विश्वास टाकत नाही, कारण पोरं परीक्षकाचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात. खरी खूण लगेच पुढच्या प्रश्नात सापडली. “रायझरभोवती उष्णतारोधक स्लीव्ह लावली तर?” मुलगा म्हणाला, “बाजूनेही उष्णता कमी जाईल, आणखी लहान चालेल.” मिळालेली कल्पना त्याने न सांगता दुसरीकडे लावली. म्हणून सारांशात ‘हिंटनंतर दुरुस्त केलं’ एवढ्यावर न भागवता, ‘हिंटनंतर समजलं, आणि नव्या ठिकाणी स्वतः वापरलं’ असं लिहिलं. या दोन वाक्यांत गुणांचा फरक पडतो, आणि पडावा.

जाता जाता एक गंमत. बारकाईने पाहिलं तर रायझर चिकटला की प्लेटचाही तेवढा पृष्ठभाग झाकला जातो. तिचा मॉड्युलस 8.5 च्या आसपास जातो आणि रायझर 51 चा लागतो. हे मुलगा बोलला नाही. पण त्याला कुणी विचारलंही नाही. जे विचारलंच गेलं नाही ते उणिवांच्या खात्यात टाकायचं नाही, मग तुम्हाला ते कितीही सुचो. नाहीतर सारांश मुलाचा न राहता तुमचा होतो. अशा गोष्टींसाठी खाली वेगळी ओळ ठेवा: ‘तपासलं गेलं नाही’. साच्यात रस नेणाऱ्या वाटांबद्दल, म्हणजे गेटिंग सिस्टिमबद्दलही अख्ख्या व्हायव्हात एक प्रश्न नव्हता, तेही याच ओळीत गेलं.

आता खरी मेख. दहाव्या मिनिटाच्या सुमारास प्रश्न आला, “हीच प्लेट स्टीलची असती तर हाच पन्नासचा रायझर चालला असता?” मुलगा ठामपणे म्हणाला, “हो सर. मॉड्युलस आकारावर अवलंबून असतो.” परीक्षक “असं का? बरं” म्हणाले आणि ड्रॉइंगकडे वळले.

घाईघाईने ऐकणारा इथे फुली मारून मोकळा होतो. पण कारण म्हणून जे वाक्य त्याने दिलं ते खरं आहे. मॉड्युलस आकारावरच ठरतो. चुकला तो निष्कर्ष. रायझर उशिरापर्यंत द्रव राहील की नाही, एवढंच मॉड्युलस सांगतो. तूट भरायला त्यातला धातू पुरेल की नाही, हा दुसरा हिशेब. पन्नासच्या रायझरचं घनफळ सुमारे 98 घनसेंटिमीटर, आणि साध्या वाळूच्या साच्यातला असा रायझर त्याच्या साधारण 14 टक्केच धातू कास्टिंगला देऊ शकतो, म्हणजे 14 घनसेंटिमीटरच्या आत. प्लेट 800 घनसेंटिमीटरची. स्टील गोठताना साधारण तीन टक्के आक्रसतं, तेव्हा रायझर धरून 27 च्या आसपास लागणार. निम्म्यावरच साठा संपला. ग्रे आयर्नमध्ये मात्र गोठताना ग्राफाइट बाहेर पडतं, ते हलकं असल्याने जागा जास्त व्यापतं, आणि साचा घट्ट असेल तर आक्रसण्याची बरीच तूट आतल्या आत भरून निघते.

म्हणजे मुलाला ग्राफाइटचं ठाऊक नाही असं म्हणायचं? मी पुन्हा मागे गेले. अडीच मिनिटांवर, ‘फौंड्रीत काय पाहिलंस’ या गप्पांतल्या प्रश्नावर तो म्हणाला होता, “आमच्या तिथं ग्रे आयर्नला रायझर लहानच ठेवतात सर, काही जॉबला तर ठेवतच नाहीत. मोल्ड मात्र टाईट लागतो, नाहीतर जॉब फुगतो.” अख्ख्या व्हायव्हातलं हे सगळ्यात पक्कं वाक्य. पाहिलेलं, कारणापर्यंत जवळजवळ पोहोचलेलं. आणि परीक्षकांच्या कागदावर त्याची नोंद नाही, कारण ते ‘परीक्षेच्या प्रश्नाचं’ उत्तर नव्हतं. मग उणिवेची ओळ मी अशी लिहिली:

‘रायझर वेळेवर टिकेल का ते तपासतो, धातू पुरेल का ते तपासत नाही (9:40). ग्रे आयर्नला लहान रायझर चालतो हे शॉपमध्ये पाहिलेलं सांगतो (2:30), पण ते आणि हिशेब एकमेकांना जोडत नाही. परीक्षकांनी हिंट दिली नाही.’

‘मटेरियलचं ज्ञान कच्चं’ असा शेरा वाचून मुलाने काय करायचं, अख्खं पुस्तक पहिल्यापासून काढायचं? वरच्या ओळीवरून त्याला एका संध्याकाळचं काम कळतं. म्हणून ‘छान’, ‘समाधानकारक’, ‘आत्मविश्वासाची कमतरता’ असले शब्द मी सारांशात येऊ देत नाही. आत्मविश्वास तर अजिबात नाही. स्टीलच्या प्रश्नाला याने जितक्या ठामपणे चुकीचं सांगितलं तितक्या ठामपणे बाकी काहीच सांगितलं नव्हतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. रेकॉर्डिंग करतोय हे मुलाला आधी सांगा, आणि फोन परीक्षकाच्या नाही, मुलाच्या बाजूला ठेवा. परीक्षकांचा आवाज कुठूनही येतो, दबकतो तो मुलाचा. दुसरं, मुलं उत्तर देताना कागदावर रेघोट्या मारतात आणि “हे असं इथून येतं” म्हणतात. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. तो कच्चा कागद फेकू देऊ नका. त्यावर नंबर टाका आणि सारांशात ‘कागद 2 पाहा’ असं लिहा. या मुलाचा तळ झाकलेला सिलिंडर अशाच एका कागदावर होता, खालच्या वर्तुळावर काट मारलेली. ती काट पाहिली नसती तर डी बाय फाइव्ह त्याने काढलं की परीक्षकांनी पुटपुटलं, हे नुसतं ऐकून मला ठरवता आलं नसतं, कारण नेमक्या त्या सेकंदाला दोघंही बोलत होते.

गुण सारांशात लिहीत नाही. ते परीक्षकांचं काम, आणि आकडा वर दिसला की खालचं कुणी वाचत नाही.