डॅपी उजळलं, लॅम्प-१ मात्र दिसेना

लायसोसोमवरचं लॅम्प-१ हे प्रोटीन हेला सेल्समध्ये नेमकं कुठे आहे, ते मला बघायचं होतं. कव्हरस्लिपवर वाढवलेल्या सेल्स ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं फिक्स केल्या आणि पीबीएसने तीनदा धुतल्या. अँटीबॉडी आत जायला मेम्ब्रेनला भोकं पाडावी लागतात. त्यासाठीच्या ट्रायटनमुळे मेम्ब्रेनमधली प्रोटीन्स थोडीफार निघून जाऊ शकतात, म्हणून मी ०.१ टक्का सॅपोनिन घेतलं. दहा मिनिटं ठेवलं, धुऊन टाकलं. पुढे अँटीबॉडी उगाच चिकटू नये म्हणून ब्लॉकिंग, मग लॅम्प-१ला धरणारी माउस प्रायमरी अँटीबॉडी रात्रभर ४ अंशांवर, दुसऱ्या दिवशी त्या प्रायमरीला धरणारी, हिरव्या फ्लोरोफोरची गोट अँटी-माउस सेकंडरी अंधारात एक तास आणि शेवटी न्यूक्लियस रंगवणारं डॅपी.

मायक्रोस्कोपखाली न्यूक्लियस छान निळे दिसले, पण हिरव्या चॅनेलमध्ये जवळजवळ काहीच नव्हतं. फक्त अधूनमधून एखादी फाटलेली सेल झगमगत होती. मेलेल्या सेल्सना अँटीबॉडी उगाच चिकटते, असं म्हणून मी ती सोडून दिली आणि प्रायमरीच खराब आहे असं ठरवून मोकळी झाले.

लॅबमधल्या सीनियर ताईने आधी प्रायमरी न घातलेली, फक्त सेकंडरीची कंट्रोल स्लिप मागितली. तिच्यातही फाटलेल्या सेल्स होत्या, पण त्या काळ्याच. म्हणजे ती चमक उगाच चिकटलेल्या सेकंडरीची नव्हती. प्रायमरी जिथे आत शिरू शकली, तिथे ती काम करत होती. मग ताईने विचारलं, "प्रायमरी कशात डायल्यूट केलीस?"

"पीबीएस आणि गोट सीरममध्ये."

"आणि सॅपोनिन?"

ते मी आधीच धुऊन टाकलं होतं! ट्रायटन मेम्ब्रेनमधले लिपिड विरघळवून नेतं, त्यामुळे एकदा पडलेली भोकं उघडीच राहतात. सॅपोनिन मात्र कोलेस्टेरॉलला धरून भोकं पाडतं आणि ते काढून घेतलं की ती बुजतात. डॅपीचा रेणू एवढासा, तो तरीही आत गेला. अँटीबॉडी त्याच्यापेक्षा शेकडो पट जड, ती बाहेरच राहिली. निळा रंग बघून सेल्स नीट उघडल्या आहेत असं मी समजले, तिथेच फसले.

दुसऱ्या खेपेला ब्लॉकिंग, दोन्ही अँटीबॉड्या आणि त्यांच्या मधली धुणी, सगळ्यांत ०.१ टक्का सॅपोनिन ठेवलं. बाकी काही बदललं नाही, अगदी प्रायमरीची बाटलीसुद्धा तीच. पॅराफिल्मवर प्रायमरीचा ५० मायक्रोलिटरचा थेंब ठेवून कव्हरस्लिप सेल्सची बाजू खाली करून त्यावर टेकवली. (बाजूबद्दल शंका आली तर कडेला चिमट्याने हलकेच ओरखडा काढून बघते, सेल्स असतील त्याच बाजूला रेघ उमटते.)

आधीच्याच एक्स्पोजरवर यावेळी न्यूक्लियसच्या एका अंगाला हिरव्या ठिपक्यांची दाटी दिसली. काही ठिपके नीट पाहिले तर पोकळ होते: कडा हिरवी, मध्य काळा. लॅम्प-१ लायसोसोमच्या मेम्ब्रेनमध्ये असतं, पोटात नाही, ते त्या कड्यांमध्ये सरळ दिसत होतं. फक्त सेकंडरीची स्लिप याही वेळी काळीच होती.